भाडे एकाच्या हाती, हिशेब सगळ्यांच्या

वडील गेल्यावर इमारतीचे भाडे बहुतेक घरांत आपोआप गावात राहणाऱ्या मुलाकडे येऊ लागते. भाडेकरू त्याला ओळखतात, नळ गळला तर त्यालाच हाक मारतात. पुण्यातली बहीण आणि परदेशातला भाऊ विश्वासाने गप्प राहतात. चार-पाच वर्षांनी कोणी तरी विचारते, "आपल्या वाट्याचं काय झालं?" तोवर ना पावत्या सापडतात, ना आठवणी जुळतात. माझ्या मते अशा घरांतली बहुतेक भांडणे नियतीतल्या खोटीमुळे होत नाहीत. हिशेब कधी आणि कसा द्यायचा, हे कोणी ठरवलेलेच नसते.

एक नमुना घेऊ. नाशिकमध्ये वडिलांनी स्वकमाईने बांधलेली इमारत आहे आणि मृत्युपत्र नाही. हिंदू वारसा कायद्यानुसार आई, दोन मुलगे आणि मुलगी यांचा प्रत्येकी पाव हिस्सा होतो. खाली १८,००० रुपये भाड्याची दोन दुकाने आणि वर ८,००० रुपयांच्या तीन खोल्या, म्हणजे महिन्याला ६०,००० रुपये. धाकटा भाऊ व्यवस्था पाहणार. सगळ्यांच्या सह्यांच्या लेखी करारात पहिले वाक्य हेच हवे, की ही फक्त व्यवस्था आहे, तिने कोणाचाही हिस्सा वाढत किंवा घटत नाही.

त्यानंतरचे कलम बँक खात्याचे. भाडे धाकट्याच्या घरखर्चाच्या खात्यात न जाता, इमारतीसाठी उघडलेल्या वेगळ्या खात्यात जावे आणि त्याचे पासबुक सगळ्यांना पाहता यावे. रोख भाडे आले तर पावती देऊन तेही तिथेच भरावे.

हिशेब तिमाहीचा ठेवावा आणि तिमाही संपल्यावर पंधरा दिवसांत पाठवावा. आपल्या नमुन्यात तिमाहीचे येणे १,८०,००० रुपये आहे. एका दुकानदाराचा एक महिना थकला, म्हणून जमा १,६२,००० रुपये. जिन्याचे दिवे, पंप आणि झाडलोट यांवर १२,००० रुपये, घरपट्टीचा हप्ता २६,००० आणि गच्चीच्या दुरुस्तीला ९,५०० रुपये गेले. जमेच्या दहा टक्के, म्हणजे १६,२०० रुपये, पुढच्या दुरुस्तीसाठी राखले. धाकट्याचा मेहनताना पाच टक्के, म्हणजे ८,१०० रुपये. उरले ९०,२००, प्रत्येकाला २२,५५०. कागदावर थकलेले १८,००० वेगळे दिसले पाहिजेत, नाही तर ते पुढे वसूल झाल्याचे कोणाच्या ध्यानातच येणार नाही. मेहनतानाही करारातच लिहावा. राबणाऱ्याला तो मागायला संकोच वाटतो, आणि मग तो परस्पर कापून घेतला जातो.

सगळ्यात जास्त घोटाळा अनामतीत होतो. दुकानदाराने दिलेले दोन लाख रुपये उत्पन्न नव्हे, ते त्याला परत करायचे देणे आहे. ते वाटून टाकले किंवा धाकट्याने वापरले, तर दुकान रिकामे होताना चौघांनाही खिशातून भरावे लागतात. म्हणून अनामत सर्वांच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी.

अधिकारांची सीमाही आखावी. ठरलेल्या रकमेपर्यंतची दुरुस्ती धाकट्याने स्वतः करावी, त्यापुढे सर्वांची लेखी संमती घ्यावी. नवा भाडेकरू ठेवणे, पागडी घेणे, गहाण किंवा विक्री यांवर एकट्याची सही चालणार नाही, असे स्पष्ट लिहावे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावाच लागतो. इतरांच्या वतीने त्यावर सही करायला धाकट्याला त्यांचे स्वतंत्र कुलमुखत्यारपत्र लागेल. परदेशातल्या भावाचे तिकडून आले, तर भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. आई वारली, तर तिच्यापुरते हे पत्र संपते. तिचा हिस्सा ज्यांच्याकडे जाईल, त्यांनी नव्याने लिहून द्यायचे.

प्राप्तिकर मात्र धाकट्याने एकट्याने भरायचा नाही. हिस्से निश्चित असल्याने प्रत्येक जण आपल्या पाव हिश्श्याचे भाडे आपल्या विवरणपत्रात दाखवतो. त्यासाठीही वर्षअखेरीचा हिशेब हाती लागतो.

हिशेब मागूनही मिळाला नाही तर थांबून राहू नये. लेखी मागणी करावी आणि तिची पोच जपून ठेवावी. प्रतिनिधीने घेतलेल्या पैशांच्या दाव्याला मुदत कायद्यात तीन वर्षे दिली आहेत, आणि मागणी नाकारली गेली की ती मोजली जाऊ लागतात. तुमच्या घरात भाडे एकाच्या हाती असेल आणि कागद नसेल, तर पुढच्या तिमाहीआधी सगळ्यांना बसवा, वकिलाकडून मसुदा तपासून घ्या आणि सह्या करा.