पहिली चिठ्ठी निघण्याआधी

गणेशोत्सवातल्या लकी ड्रॉमध्ये पैठणी नेमकी सेक्रेटरींच्या घरी गेली की दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कुजबुज सुरू होते. बहुतेक वेळा लबाडी कुणी केलेली नसते. नियम मात्र नंबर निघाल्यावर ठरवलेले असतात आणि संशयाला तेवढं पुरतं.

समजा सोसायटीत 48 फ्लॅट आहेत आणि बक्षिसं तीन. एकाच कागदाच्या, एकाच मापाच्या 48 चिठ्ठ्या कापा, सगळ्यांना सारख्याच दोन घड्या घाला. एखादी जाड राहिली तर ती बोटांना लागते. रिकामी बरणी उलटी करून दाखवा, चिठ्ठ्या सगळ्यांसमोर मोजत टाका.

खरी गोम ढवळण्यात आहे. 1969 साली अमेरिकेत सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत काढली गेली. तारखांच्या डब्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि नीट मिसळल्या नव्हत्या. वर्षअखेरीच्या तारखा जास्त लवकर निघाल्या. आपल्याकडेही ए विंगच्या चिठ्ठ्या आधी आणि सी विंगच्या शेवटी पडतात. म्हणून तोंडापर्यंत भरलेली बरणी नको, निम्मी रिकामी हवी. तळापर्यंत हात घालून ढवळा. प्रत्येक चिठ्ठीनंतर पुन्हा.

चिठ्ठी काढणारं मूल कमिटीतल्या कुणाच्या घरचं नसावं. वाचणारा वेगळा असावा, आणि वाचून झाल्यावर चिठ्ठी पुढच्या रांगेतल्या एखाद्या आजींच्या हातात द्यावी.

मग माइकवरून सावकाश एवढं वाचा:

“नमस्कार मंडळी. प्रत्येक फ्लॅटची एक, अशा 48 चिठ्ठ्या बरणीत आहेत. कमिटी सदस्यांचे फ्लॅटही त्यात आहेत. आधी तिसरं बक्षीस, मग दुसरं, शेवटी पहिलं. एका फ्लॅटला एकच बक्षीस, म्हणून निघालेली चिठ्ठी परत बरणीत जाणार नाही. घरातलं कुणीही एक जण हजर असलं तरी चालेल. नंबर तीनदा पुकारू, एक मिनिट थांबू. कुणी आलं नाही तर ती चिठ्ठी बाद करून दुसरी काढू. हरकत असेल तर आत्ता सांगा. पहिली चिठ्ठी निघाल्यावर नियम बदलणार नाहीत.”

सर्वात जास्त भांडणं हजेरीच्या अटीवरून होतात. “मी प्रसाद आणायला खाली गेले होते” हे दरवर्षीचं. रात्रपाळीवाल्यांवर तर ही अट अन्यायच करते. माझं मत विचाराल तर ती नकोच. ठेवायचीच असेल तर दोन दिवस आधी नोटीस बोर्डवर लावा. आणि एक मिनिट म्हणजे घड्याळातलं एक मिनिट. ओळखीच्यांसाठी तीन नव्हे.

शेवटी हिशेब जुळायला हवा. तीन विजेते आणि एक गैरहजर, म्हणजे बरणीत 44 चिठ्ठ्या उरल्या पाहिजेत. त्या टेबलावर उलगडून ठेवा. ज्याला आपला नंबर शोधायचा असेल त्याला शोधू द्या.