पगाराची स्लिप वाचताना : भाग सहावा – ‘हे बरोबर आहे का?’

एका वाचक ताईंनी एप्रिलच्या स्लिपचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, ‘हे बरोबर आहे का?’ नेमकी शंका कशाची, ते लिहिलेलं नाही. अशा वेळी बेरीज जुळते म्हणून ‘बरोबर आहे’ असं कळवून टाकण्याचा मोह होतो. पण बेरीज संगणक करतो, ती सहसा चुकत नाही. चूक असते ती संगणकात भरलेल्या माहितीत.

तरी सुरुवात बेरजेनेच करावी. कारण फोटोत 1 आणि 7 किंवा 3 आणि 8 सहज सारखे दिसतात, आणि आपण आकडा नीट वाचला की नाही हे बेरीजच सांगते. या स्लिपवर मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 12,600 आणि घरभाडे भत्ता 5,600, म्हणजे एकूण 18,200. कपातीत पीएफ 1,620, ईएसआय 137 आणि व्यवसाय कर 200, मिळून 1,957. हाती 16,243. सगळं जुळलं.

आता कपात एकेक करून पाहू. ईएसआय एकूण पगाराच्या 0.75 टक्के, म्हणजे 136.50, ते वरच्या रुपयात धरतात, म्हणून 137 ठीक. पीएफ मात्र 12,600 वर 12 टक्क्यांनी 1,512 यायला हवा. मग 1,620 कुठून आले? उलटा हिशेब केला तर ते 13,500 चे 12 टक्के निघतात. फोटोच्या वरच्या कोपऱ्यात, अर्धवट कापलेल्या चौकटीत ‘28’ दिसतं. एप्रिलचे दिवस 30. म्हणजे दोन दिवस बिनपगारी धरून पगार कमी केला, पीएफ मात्र पूर्ण महिन्याच्या पगारावर कापला. हे जादा 108 रुपये बुडालेले नाहीत. पीएफच्या पासबुकात त्यांच्या नावावर दिसायला हवेत. तिथे ते नसतील, तर मामला गंभीर आहे.

व्यवसाय कराची चूक सरळ आहे. महाराष्ट्रात एप्रिल 2023 पासून महिना 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर नाही. पुरुष कर्मचाऱ्याच्या याच स्लिपवर 200 बरोबर ठरले असते. बहुधा नोंद करताना ‘स्त्री’ हा रकानाच भरायचा राहिला असावा. तसं असेल तर ही कपात दर महिन्याला होत असणार, म्हणून जुन्या स्लिपाही काढून पाहाव्यात.

म्हणजे हाती 16,551 यायला हवे होते. 308 रुपये कमी आले. पण हे उत्तरही अर्धंच आहे. ते दोन दिवस खरंच बिनपगारी होते का, की शिल्लक रजेतून जायला हवे होते, हे कोणताही फोटो सांगू शकत नाही. ते ताईंनी हजेरीवरूनच ताडून पाहायचं.

स्लिप पाठवणाऱ्यांना एक विनंती : खातेक्रमांक झाका, पण भरलेल्या दिवसांची चौकट कापू नका.