एक कडक, एक गोड, आणि मग थोडं थोडं कुरतडणं

लोणावळ्याहून आयएनएस शिवाजीच्या बाजूने पुढे गेलं की कुरवंडे लागतं. नागफणीच्या वाटेवरचं गाव. माझं आजोळ तिथलं. मागच्या वर्षी मामाने २५ गुंठे जिरायत जमीन विकायला काढली आणि पहिल्या बैठकीला मलाही बोलावलं. "तू त्या वाटाघाटींवरच पीएचडी करतेस ना? मग ये," एवढंच म्हणाला. मी गेले, आणि जे प्रयोग एरवी पेपरमध्ये वाचते ते ओसरीवर घडताना पाहिले. आज त्यातल्या दोन डावपेचांबद्दल.

घेणारे दोघे होते, एकमेकांचे भागीदार. दोघंही शेतकरी, त्यामुळे शेतजमीन घ्यायला कायद्याची अडचण नव्हती. मामाने गुंठ्याला ३,६०,००० सांगितले. पहिला भागीदार तडकलाच. "रस्ता धड नाही, पावसाळ्यात गाडी जात नाही, आणि भाव लोणावळा बाजाराचा? अडीच लाख. नाहीतर राहू द्या." एवढं बोलून तो उठला आणि गाडीपाशी जाऊन फोनवर बोलत बसला.

दुसरा मात्र बसून राहिला. आवाज खाली आणून म्हणाला, "काका, याचं मनावर घेऊ नका, तो असाच आहे. मला तुमची जमीन आवडलीय. मी त्याला कसंबसं तीनपर्यंत आणतो. पण मग तुम्ही आजच हो म्हणा, तो परत आला तर पुन्हा बिघडवेल."

मामाचा चेहरा सैल पडला. आईने चहा पुन्हा टाकला. त्या क्षणी तीन लाख हा आकडा आम्हाला उपकारासारखा वाटत होता, आणि नेमकं तेच समजून घ्यायचंय.

इंग्रजीत याला 'गुड कॉप बॅड कॉप' म्हणतात. मूळ पोलीस चौकशीतलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६६ च्या प्रसिद्ध मिरांडा निकालातही चौकशीच्या या पद्धतीचं वर्णन आहे. एक अधिकारी धमकावतो, दुसरा सहानुभूती दाखवतो, आणि माणूस दुसऱ्यापाशी बोलून मोकळा होतो.

हे का चालतं? पहिलं कारण तुलना. तीन लाख आपण स्वतःच्या ३,६०,००० शी ताडून बघत नाही, नुकत्याच ऐकलेल्या अडीच लाखाशी ताडतो. हिल्टी आणि कार्नेव्हाल या संशोधकांनी १९९३ मध्ये वाटाघाटींचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात समोरची बाजू आधी ताठर आणि मग मवाळ वागली की लोक जास्त सवलत द्यायला तयार होत होते. म्हणजे गोडपणा एकटा फारसं काम करत नाही. कडूनंतर आलेला गोडपणा काम करतो.

दुसरं कारण म्हणजे सुटका. यावर पोलंडमधल्या ओपोले शहरात झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. डोलिन्स्की आणि नाव्रात यांनी तो १९९८ मध्ये छापला. नियम मोडून रस्ता ओलांडणाऱ्या लोकांच्या मागे लपून पोलिसासारखी शिट्टी वाजवायची. माणूस दचकून वळतो, बघतो तर पोलीस कुठेच नाही. हायसं वाटतं. तेवढ्यात एक जण येऊन प्रश्नावली भरून द्याल का असं विचारतो. शिट्टी न ऐकलेल्यांपेक्षा शिट्टी ऐकलेले लोक जास्त वेळा हो म्हणाले. भीती अचानक गेली की काही क्षण आपण विचार न करता हो म्हणतो. गाडीकडे गेलेला भागीदार ही ती शिट्टी होती, आणि समोर बसलेला माणूस ही प्रश्नावली.

आता ओळखायचं कसं? दोन माणसांचे स्वभाव खरंच वेगळे असू शकतात, नवरा-बायकोचंही कित्येकदा एकमत नसतं. म्हणून मी तीन गोष्टी बघते. गोड माणूस कडक माणसाला त्याच्यासमोर कधी अडवतो का, की तो उठून गेल्यावरच आपल्या बाजूने बोलतो? त्याच्या मदतीचा शेवट दर वेळी आपणच काहीतरी सोडण्यात होतो का? आणि घाई कुणाची आहे? मामाच्या ओसरीवर तिन्हींची उत्तरं एकाच बाजूला जात होती. तरी ती खात्री नाही, फक्त संशय.

पण खात्रीची गरजच नाही. उत्तर असं द्यायचं की डाव असला तरी चालेल आणि नसला तरी चालेल. "तुम्ही नाटक करताय" असं म्हटलं की भांडण सुरू होतं, आणि ते खरंच तसे नसतील तर चांगला गिऱ्हाईक जातो.

मामाकडे एक गोष्ट होती ज्यामुळे तो वाचला. बैठकीच्या आदल्या रात्री आम्ही आजूबाजूच्या अलीकडच्या व्यवहारांची चौकशी करून डायरीत एक आकडा लिहिला होता: गुंठ्याला ३,२०,०००, याच्या खाली नाही. मामाने चहाचा कप ठेवला, आत जाऊन डायरी बघून आला आणि म्हणाला, "तुम्ही मदत करताय, बरं वाटलं. पण तुम्ही दोघं भागीदार आहात. आपसात ठरवा आणि दोघांचा मिळून एकच आकडा कागदावर द्या. मी त्याच आकड्यावर बोलेन. आज नको, घरात विचारतो."

या बोलण्यात राग नाही, आरोप नाही. पण गोड आणि कडक असे दोन आवाज त्याने पुन्हा एका कागदावर आणले, आणि सुटकेचा तो हळवा क्षण जाऊ दिला. आठ दिवसांनी दोघं परत आले. बोलणी ३,२०,००० वर थांबली. २५ गुंठ्यांचे ८० लाख. आठ लाख विसार घेतला, विसारपावती झाली, खरेदीखताला दीड महिन्याची मुदत ठरली.

मला वाटलं संपलं. खरं तर दुसरा डाव तिथूनच सुरू झाला.

दोन आठवड्यांनी फोन आला: "काका, मोजणीचे पंधरा हजार तेवढे तुम्ही भरा ना." मामाने भरले, आम्हाला सांगितलंही नाही. मग वकिलाचा निरोप: दस्ताचा खर्च ४०,०००, तो तुमच्याकडे धरूया. मामा कुरकुरला, पण हो म्हणाला. आणि खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर, सगळे नातेवाईक सह्यांसाठी जमलेले असताना, तोच गोड भागीदार जवळ आला. "काका, रस्त्यावर मुरूम टाकावा लागेल. एक लाख दहा हजार. एवढं कमी करून टाका, शेवटचं."

याला इंग्रजीत 'निबलिंग' म्हणतात. आपल्याकडे कुरतडणं म्हणू. ठरलेला सौदा उंदराने पोतं कुरतडावं तसा कडेकडेने कमी करत न्यायचा. बोट दिलं की मनगट धरणारी माणसं आपल्याला ठाऊक असतातच, पण इथे प्रत्येक मागणी इतकी लहान असते की मनगट धरलंय हे कळत नाही.

का कळत नाही, याचं उत्तर ट्वर्स्की आणि कानमन यांच्या १९८१ च्या एका प्रश्नात आहे. तुम्ही एक कॅल्क्युलेटर घेताय. दुकानदार सांगतो, वीस मिनिटांवरच्या शाखेत तो पाच डॉलरने स्वस्त आहे. जाल का? कॅल्क्युलेटर १५ डॉलरचा असेल तर ६८ टक्के लोक जातो म्हणाले. १२५ डॉलरचा असेल तर फक्त २९ टक्के. वाचणारे पाच डॉलर तेच, वीस मिनिटंही तीच. आपण रक्कम रकमेसारखी मोजत नाही, शेजारच्या मोठ्या आकड्याच्या सावलीत मोजतो. ८० लाखांच्या सावलीत पंधरा हजार दिसतच नाहीत. एरवी हाच मामा भाजीच्या दहा रुपयांसाठी घासाघीस करतो.

वेळही निवडलेली असते. सगळे जमलेत, टोकन घेतलंय, मनाने जमीन विकून झालीय. अशा वेळी नाही म्हणणं महाग वाटतं. पण हे दोन्ही बाजूंना लागू आहे हे आपण विसरतो. त्यांचेही आठ लाख अडकलेत, तेही सुट्टी काढून आलेत.

मी मामाला बाजूला घेतलं आणि फोनवर बेरीज दाखवली. १५,००० अधिक ४०,००० अधिक १,१०,०००. एकूण १,६५,०००. "मामा, ही अर्ध्या गुंठ्याहून जास्त जमीन फुकट चाललीय." गुंठ्यात सांगितल्यावर त्याला झटकन कळलं. टक्क्यात सांगितलं असतं तर दोन टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटलं असतं. म्हणून पहिला उपाय हाच: लहान मागणीची तुलना मोठ्या सौद्याशी करायची नाही. आधीच्या मागण्यांत मिळवायची, आणि त्या पैशात एरवी काय येतं ते बघायचं.

दुसरा उपाय म्हणजे फुकट काही न देणं. मामा परत गेला आणि शांतपणे म्हणाला, "मुरमाचं धरूया की. मग ताबा भात निघाल्यावर देतो, आणि मोजणीचे पैसे तुम्ही परत करा. अजून काही राहिलं असेल तर तेही आत्ताच सांगा, सगळं एकदम बघू." भागीदार हसला, "राहू द्या काका, आपलं ठरलंय तेच ठीक." मुरूम गेला. आधीचे पंचावन्न हजार मात्र गेले ते गेलेच.

ते टाळता आले असते का? हो, विसारपावतीत. मुद्रांक शुल्क कायद्याने, वेगळं ठरलं नसेल तर, खरेदीदाराकडेच असतं. पण मोजणी, दस्त, रस्ता, कुंपण यांचा खर्च कुणाचा हे एकेका ओळीत लिहून घ्यावं लागतं. जी गोष्ट लिहिलेली नाही तिथूनच कुरतडायला सुरुवात होते.

एक मर्यादाही सांगते. प्रत्येक उशिरा आलेली मागणी हा डाव नसतो. मोजणीत खरंच दोन गुंठे कमी भरले तर भाव पुन्हा बोलणं रास्त आहे. माझी कसोटी अशी: ही गोष्ट सौदा ठरण्याआधी त्यांना माहीत होती का? मुरमाचा रस्ता तर त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिला होता, त्यावरूनच तर अडीच लाख म्हणाले होते.

आणि शेवटचं. शांत उत्तर द्यायला उठून जाता येणं लागतं. मामाने विसाराचे आठ लाख बँकेत तसेच ठेवले होते. ते खर्च झाले असते तर त्या कार्यालयाबाहेर माझी बेरीज बरोबर असूनही मामाला मुरूम द्यावाच लागला असता. म्हणून खरेदीखत होईपर्यंत विसाराला हात लावू नका.