नडगीवरची पांढरी रेघ

आंघोळीनंतर अर्ध्या तासात नडग्या राख फासल्यासारख्या दिसू लागतात आणि नख ओढले की पांढरी रेघ उमटते. हा मळ नव्हे. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या मृत पेशी कोरड्या पडल्या की त्यांच्या कडा उचलल्या जातात आणि त्यांवर प्रकाश विखुरतो. सावळ्या त्वचेवर तो पांढुरकेपणा जास्त उठून दिसतो. नडगीवर तैलग्रंथी फार थोड्या असल्याने सुरुवात बहुधा तिथूनच होते.

या पेशींच्या फटी नैसर्गिक स्निग्धांशाने लिंपलेल्या असतात. कढत पाणी आणि साबण तो धुऊन नेतात. आंघोळीत त्वचा पाणी पिते खरी, पण लिंपण गेल्यावर ते पाणी टिकत नाही. विदर्भातल्या डिसेंबरच्या कोरड्या हवेत ते झपाट्याने उडते.

अशा सकाळी वीस मिनिटे कढत पाणी, पायांना घासून साबण, खरखरीत टॉवेल आणि कपडे घालून झाल्यावर लोशन असा क्रम असेल, तर लोशनला धरून ठेवायला पाणीच उरलेले नसते. त्याऐवजी विसण घालून पाणी कोमट करावे. आंघोळीनंतर अंग लाल दिसले, तर पाणी जास्तच गरम होते असे समजावे. आंघोळ पाच-दहा मिनिटांत आटोपावी, अंग टिपून घ्यावे आणि ते ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, क्रीम लावावे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेले क्रीम म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. पाऊल सोडून एका अख्ख्या पायाला अशी सहा बोटे लागतात. बहुतेकांचा हात त्याआधीच आखडतो.

पेट्रोलियम जेली स्वतः ओलावा देत नाही, असलेला अडवते. म्हणून ती सुक्या पायांवर चोपडण्यात फारसा अर्थ नाही. पातळ लोशनपेक्षा घट्ट क्रीम बरे. खोबरेल तेलही चालते, मात्र तळव्यांना लावून ओल्या फरशीवर चालू नये.

नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो. त्याचा सामू नऊ-दहाच्या घरात, तर त्वचेचा पाचच्या आसपास. वेष्टनावरचे ‘टीएफएम’ स्निग्धांशाचे प्रमाण सांगते, साबण अल्कधर्मी नसल्याची हमी देत नाही. साबण नसलेली सौम्य, बिनवासाची वडी त्वचेला कमी जाचते. एरवी साबण काखा, जांघा आणि पावलांपुरता ठेवावा. नडगीला रोज त्याची गरज नसते. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट साका अंगावर राहतो, तेव्हा साबण कमी लावणे अधिकच सोयीचे.

एवढे करून दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर दहा टक्के युरियाचे क्रीम उपयोगी पडते. भेगाळलेल्या जागी मात्र ते झोंबते. लहानपणापासून माशाच्या खवल्यांसारखी नक्षी असेल, रात्री झोपमोड करणारी खाज असेल किंवा भेगांतून पाणी येत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. मधुमेह किंवा मंदावलेले थायरॉइड यांतही त्वचा अशीच कोरडी पडते.