पीडीएफच्या पोटातला आकडा

एका ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅन सापडले, तेव्हा साठ लिंकांची यादी केली आणि सगळी एका दमात curl या प्रोग्रामकडे सोपवली. रात्री फोल्डरमध्ये साठ फाइली होत्या, पण शेवटच्या वीसेक उघडेचनात. आधी वाटलं, स्कॅनच बिघडलेत. मग आकार पाहिला. बाकीचे अंक चाळीस-पन्नास एमबीचे आणि हे जेमतेम एका केबीचे. त्यातली एक फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर आत अंक नव्हताच, सर्व्हरचा निरोप होता:

```
429 Too Many Requests
```

curl ला `-f` सांगितलं नाही, तर तो सर्व्हरचं नकाराचं पानसुद्धा पीडीएफच्या नावाने जपून ठेवतो. म्हणून डाउनलोड फसलं की आधी फाइलचा आकार बघावा आणि मग आकडा वाचावा.

429 म्हणजे तुम्ही फार घाई केलीत. पुष्कळदा सर्व्हर उत्तरासोबत `Retry-After: 120` अशी ओळही पाठवतो, म्हणजे 120 सेकंद थांबा. ही ओळ पानावर दिसत नाही, `curl -i` दिल्यावर दिसते. अशा वेळी पुन्हापुन्हा बटण दाबत राहणं सगळ्यात वाईट, कारण काही ठिकाणी त्यामुळे बंदी आणखी लांबते. मी दोन फाइलींमध्ये दहा सेकंदांचं अंतर ठेवलं आणि एक सोडून सगळे अंक निमूट उतरले.

उरलेल्या एकाला 404 येत होता, म्हणजे या पत्त्यावर काही नाही. इथे थांबून उपयोग नसतो, पत्ताच तपासावा लागतो. माझ्या लिंकच्या शेवटी वाक्यातला पूर्णविराम चिकटून आला होता. तो काढला आणि अंक मिळाला. अनेक सर्व्हर `.pdf` आणि `.PDF` यांनाही वेगळं मानतात.

403 चं दुखणं निराळं. सर्व्हरला मागणी नीट कळलेली असते, पण तो द्यायला तयार नसतो. लॉगिन संपलेलं असतं, किंवा ईमेलमधून आलेल्या लिंकची मुदत उलटलेली असते. अशी लिंक कितीही वेळा दाबली तरी उघडत नाही, मूळ पानावर जाऊन नवी घ्यावी लागते. मात्र 403 आणि 404 यांची सीमा दिसते तितकी पक्की नाही. खासगी फाइल आहे हेही कळू नये म्हणून काही सर्व्हर मुद्दाम 404 सांगतात. सहकाऱ्याला उघडणारी लिंक तुम्हाला 404 दाखवत असेल, तर स्पेलिंग पुन्हा तपासण्याआधी आपण कोणत्या खात्यातून लॉगिन केलंय ते बघा.