नानीचा चेहरा धूसर का झाला?

गेल्या रमजानच्या आधी आमची नानी अल्लाहला प्यारी झाली. तिचा शेवटचा चांगला फोटो माझ्या भाचीच्या निकाहच्या दिवशी काढलेला होता. घरची चोवीस माणसे, मधोमध खुर्चीत नानी. अम्मीची इच्छा होती की हा फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावावा. कुटुंबाच्या ग्रुपवर तो होताच. मी तो मोबाईलमधून उतरवून घेतला आणि बारा बाय सोळा इंचाची प्रिंट काढायला स्टुडिओत दिला.

प्रिंट हातात आली तेव्हा अम्मी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बेटा, ही नानी आहे हे मला माहीत आहे म्हणून ओळखू येते." मोबाईलवर झकास दिसणाऱ्या फोटोत चेहऱ्यांच्या कडा पुसट झाल्या होत्या. ओढणीवरची बारीक जर नुसता पिवळा पट्टा झाली होती. स्टुडिओवाल्याने एकच प्रश्न विचारला, "सर, हा मेसेजवर आलेला फोटो आहे का?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे समजले ते इथे सांगतो.

मोबाईलमधला फोटो म्हणजे बारीक रंगीत ठिपक्यांची जाळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. भाचीच्या निकाहचा मूळ फोटो आडवा ४००० आणि उभा ३००० ठिपक्यांचा होता, म्हणजे एकूण १ कोटी २० लाख ठिपके. फाईल ३.८ एमबीची. तोच फोटो ग्रुपवरून माझ्याकडे आला तेव्हा १६०० बाय १२०० उरला होता, म्हणजे १९ लाख २० हजार ठिपके. सहा ठिपक्यांतले जेमतेम एक शिल्लक! फाईल २५० केबीच्या आसपास.

मेसेजिंग ॲप हे मुद्दाम करते. रोज कोट्यवधी फोटो इकडून तिकडे जातात. ते जसेच्या तसे पाठवले तर सावकाश इंटरनेटवर फोटो पोहोचायला वेळ लागेल, डेटा संपेल आणि मोबाईलची जागाही भरेल. म्हणून पाठवतानाच फोटोवर दोन कामे होतात.

पहिले काम, फोटो लहान करणे. शेजारच्या अनेक ठिपक्यांची सरासरी काढून एक ठिपका बनतो. मूळ फोटोत नानीचा चेहरा सुमारे २४० ठिपके रुंद होता, तो ९६ वर आला. पापण्या, सुरकुत्या, चष्म्याची तार या गोष्टी एकदोन ठिपक्यांच्याच असतात. सरासरीत त्या विरघळतात.

दुसरे काम, उरलेला फोटो पुन्हा दाबणे. जेपीईजी पद्धतीत फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातला बारीक चढउतार टाकून देतात. रंगांची माहिती तर उजेड-सावलीच्या माहितीपेक्षाही कमी ठेवतात, कारण आपल्या डोळ्याला रंगातला बारीक फरक कमी कळतो. निळे आकाश किंवा रिकामी भिंत यात काही बिघडत नाही. जर, केस, दाढी, झाडाची पाने आणि कागदावरची अक्षरे मात्र लगेच पुसट होतात.

मग मोबाईलवर तो फोटो चांगला का दिसतो? कारण स्क्रीन लहान असते. प्रिंटला इंचामागे साधारण ३०० ठिपके मिळाले तर ती स्वच्छ येते. भिंतीवरची फ्रेम दुरून पाहायची असते, म्हणून तिला २०० सुद्धा चालतात. सोळा इंच रुंदीत ४००० ठिपके पसरले की इंचाला २५० पडतात. १६०० पसरले की फक्त १००. आमची प्रिंट तिथेच फसली. तोच लहान फोटो पाच इंच रुंदीत काढला असता तर उत्तम आला असता.

गेलेले ठिपके परत आणता येत नाहीत. फोटो 'शार्प' केला तर कडा गडद होतात, पण नानीच्या पापण्या त्यात नसतातच. म्हणून मूळ फोटो शोधणे हाच मार्ग होता. तो मावसभावाच्या फोनमध्ये होता. मावसभाऊ कुवेतला असतो आणि पुढच्या आठवड्यात जुना फोन विकणार होता. त्याने त्याच रात्री फोटो पाठवला, या वेळी डॉक्युमेंट म्हणून.

व्हॉट्सॲपवर हे असे करायचे. चॅट उघडा, जोडणीच्या खुणेवर बोट ठेवा, पण Gallery किंवा Photos न निवडता Document निवडा. तिथून फोटोची फाईल शोधून पाठवा. डॉक्युमेंट म्हणून गेलेल्या फाईलला ॲप हात लावत नाही. चॅटमध्ये मोठ्या चित्राऐवजी फाईलचे नाव आणि आकार दिसतो. तो आकार मूळ फोटोइतकाच आहे ना, ते पाहा.

२०२३ पासून HD असाही पर्याय आहे. फोटो निवडल्यावर वर HD ही खूण दिसते. त्याने ठिपके बरेच जास्त राहतात, पण फोटो पुन्हा दाबला जातोच. ईदचे फोटो नातेवाइकांना पाहायला पाठवायचे असतील तर HD पुरेसे आहे. प्रिंट काढायची असेल, निकाहनाम्याचा किंवा गुणपत्रिकेचा फोटो पाठवायचा असेल, तर डॉक्युमेंटच बरे. खूप फोटो असतील तर ते गुगल ड्राइव्हवर चढवून लिंक द्या.

आमची गोष्ट मात्र इथे संपली नाही. मावसभावाने मूळ फाईल पाठवली, मी ती गॅलरीत उतरवली आणि घाईघाईत नेहमीसारखा फोटो म्हणून स्टुडिओवाल्याला पाठवली. कुवेतहून इथवर शाबूत आलेला फोटो शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये पुन्हा २५० केबीचा झाला! साखळीतल्या प्रत्येकाने डॉक्युमेंटच पाठवायला हवे. एकानेही चूक केली की पुढच्या सगळ्यांकडे तोच लहान फोटो जातो. शेवटी मी पेनड्राइव्ह घेऊन स्वतः गेलो.

आपल्याकडचा फोटो मूळ आहे की नाही, हे ओळखायची सोपी खूण आहे. गॅलरीत फोटो उघडून त्याची माहिती पाहा. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या फाईलच्या नावात WA ही अक्षरे असतात, उदाहरणार्थ IMG-20240512-WA0012.jpg. आकार एक एमबीच्या खाली आणि मोठी बाजू १६०० च्या जवळपास असेल तर तो दाबलेला फोटो समजा. स्क्रीनशॉटही मूळ नव्हे, त्यात फक्त स्क्रीनवर मावतील तेवढेच ठिपके येतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. मूळ फाईलमध्ये फोटो कधी काढला याची नोंद असते आणि कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर कुठे काढला याचीही. फोटो म्हणून पाठवताना ही नोंद निघून जाते, डॉक्युमेंटबरोबर ती जाते. म्हणून घरात काढलेले फोटो अनोळखी माणसाला डॉक्युमेंट म्हणून देऊ नका. दुसरी गोष्ट आयफोनवाल्यांसाठी. त्यांच्या फाईलीचे नाव .HEIC ने संपत असेल तर काही स्टुडिओंत ती उघडत नाही. स्टुडिओत आधी विचारून घ्या.

आता नानीचा फोटो दिवाणखान्यात आहे. अम्मी जवळ जाऊन पाहते तेव्हा ओढणीची जर वेगळी दिसते. मावसभावाचा जुना फोन विकला गेला आहे. विकण्याआधी त्याने त्यातले निकाहचे सगळे फोटो पेनड्राइव्हवर उतरवून ठेवले.