बरणीवर न वळणारी शिरोरेषा

कैरीच्या लोणच्याची काचेची बरणी, खाली लाकडी पाट, शेजारी दोन कैऱ्या आणि खिडकीतून आलेला उन्हाचा कवडसा. चित्र काढणाऱ्या एआयला एवढं लिहून दिलं की मिनिटभरात जाहिरातीसारखा फोटो हजर होतो. काचेवरची चकाकी खरी वाटते, तेलाचा तवंगही दिसतो. लेबलवरचं ‘कैरीचं लोणचं’ मात्र बरणीवर बसलेलं नसतं, बरणीसमोर कुणीतरी पुठ्ठा धरल्यासारखं दिसतं. बरेचदा ‘णचं’चं भलतंच काहीतरी झालेलं असतं, ते वेगळंच.

ही चूक देवनागरीत जास्त उघडी पडते, कारण आपल्याकडे शिरोरेषा आहे. रोमन अक्षरं ज्या रेषेवर उभी असतात ती मनातली असते. आपली रेषा छापलेलीच असते, त्यामुळे ती बरणीच्या गोलाईशी फटकून वागली की डोळ्याला लगेच खुपते.

बरणी 8 सेंटीमीटर व्यासाची धरू. तिचा घेर साधारण 25 सेंटीमीटर. समोरून त्यातला निम्मा, म्हणजे साडेबारा सेंटीमीटर कागद दिसतो, पण फोटोत त्याला जागा मिळते फक्त 8 सेंटीमीटर. ही दाटी सगळीकडे सारखी नसते. मधोमध असलेलं एक सेंटीमीटर रुंदीचं अक्षर तेवढंच दिसतं. तेच 45 अंश बाजूला सरकलं की 7 मिलिमीटरचं होतं आणि 60 अंशांवर निम्मं उरतं. एआयने काढलेल्या चित्रात बहुधा पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी अक्षरं सारख्याच रुंदीची असतात. पुठ्ठ्याचा भास होतो तो इथूनच. अशा साधनाने बरणी मोजलेली नसते, अगणित फोटो पाहून तसे ठिपके मांडलेले असतात.

दुसरी गोष्ट रेषेच्या बाकाची. कॅमेरा झाकणाच्या वर असेल तर गोल झाकण लंबगोल दिसतं. ते जितकं रुंद त्याच्या पाव उंच दिसत असेल, तर कॅमेरा सुमारे 15 अंश वरून पाहतोय असं समजावं. मग लेबलवरची शिरोरेषाही तशीच वाकायला हवी: मध्ये खाली, दोन्ही कडांना वर. आपल्या बरणीवर मधल्या अक्षरापेक्षा 45 अंशांवरचं अक्षर जेमतेम 3 मिलिमीटर वर चढतं. फरक इतका थोडा असतो, म्हणूनच हाताने अंदाजे दिलेला बाक नेहमी जास्त होतो. शिवाय बरणीचा तळ नजरेपासून झाकणापेक्षा खाली असतो, त्यामुळे लेबलची खालची कड वरच्या कडेपेक्षा थोडी जास्त वाकलेली दिसते.

इथे एक हमखास फसगत होते. डिझाइनच्या बहुतेक ॲपमध्ये अक्षरं कमानीवर बसवायची सोय असते. ती वापरली की प्रत्येक अक्षर कमानीबरोबर तिरकं होतं आणि ‘का’चा काना पंख्याच्या काडीसारखा कलतो. खऱ्या बरणीवर काना उभाच राहतो, झुकते ती फक्त शिरोरेषा. लेबल खरं की चिकटवलेलं हे ओळखायला कडेच्या अक्षराचा काना पाहिला तरी पुरतं.

म्हणून अनुभवी डिझायनर अक्षरांचं काम एआयकडे देतच नाहीत. बरणी मागतात ती कोऱ्या पांढऱ्या लेबलची. लेबल वेगळं, सपाट तयार करतात आणि फोटोशॉपमध्ये वार्पने किंवा ब्लेंडरमध्ये खऱ्याखुऱ्या दंडगोलावर गुंडाळून बसवतात. बाक किती द्यायचा हे झाकणाचा लंबगोल सांगतो. मग अक्षरांचा थर ‘मल्टिप्लाय’वर ठेवला की कागदावरची सावली अक्षरांतूनही दिसते. चकाकीचा पट्टा मात्र अक्षरांच्या वरून जायला हवा. तो खाली राहिला तर सगळी मेहनत वाया.

हे फक्त दिसण्यापुरतं नाही. लेबलवर 14 आकडी एफएसएसएआय क्रमांक असतो, निव्वळ वजन असतं, शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो. एआयने काढलेले बारीक आकडे भरवशाचे नसतात. असा फोटो तसाच ऑनलाइन दुकानात चढवला तर गिऱ्हाइकाला भलताच क्रमांक दिसतो.

नाव कुठवर पसरावं हेही याच मोजमापातून ठरतं. समोरचे 90 अंश म्हणजे लेबलची जेमतेम सव्वासहा सेंटीमीटर. ‘कैरीचं लोणचं’ एका ओळीत त्यात मावत नसेल तर दोन ओळी कराव्यात.

हा सगळा हिशेब सरळ उभ्या बरणीचा. फुलपात्रासारखी खाली निमुळती होणारी बरणी असेल तर चौकोनी कागद तिच्यावर सरळ बसतच नाही. तिचं लेबल मुळातच पंख्याच्या आकारात कापावं लागतं. शंका असेल तर कागदावर लेबल छापून घरातल्या बरणीला गुंडाळावं आणि दोन-तीन फुटांवरून मोबाइलने फोटो काढून शेजारी ठेवावा. फार जवळून काढला तर मोबाइलची लेन्स गोलाई वाढवून दाखवते.